बॅकप्रोपगेशन कागदावर सोडवताना: पाच वेट, दोन वाटा आणि नेमकं कुठे चुकतं

न्यूरल नेटवर्कच्या प्रत्येक जोडणीवर एक वेट असतं, म्हणजे आकडा पुढे जाताना ज्याने गुणला जातो तो आकडा. आउटपुटमधल्या चुकीपासून मागे येत प्रत्येक वेट कुठे आणि किती बदलायचं ते काढण्याची रीत म्हणजे बॅकप्रोपगेशन. त्याचं गणित करताना विद्यार्थी बहुतेक वेळा अवघड जागी चुकत नाहीत. ते क्रमात चुकतात. मी ज्या वह्या तपासतो त्यांत डेरिव्हेटिव्हचे नियम बरोबर लिहिलेले असतात, आणि खाली आकडे घालताना कुणी जुन्या वेटऐवजी नवं वेट वापरलेलं असतं, कुणी दोन वाटांपैकी एकच मोजलेली असते, तर कुणी रेलू चुकीच्या आकड्याला लावलेलं असतं. उत्तर चुकतं आणि कारण सापडत नाही, कारण सूत्र तर बरोबर दिसतं.

म्हणून इथे सूत्रांपासून सुरुवात करणार नाही. एक छोटं नेटवर्क घेऊ आणि त्यातली प्रत्येक किंमत हाताने काढू. गुणाकार, बेरीज आणि ऋण संख्यांचा हिशेब एवढं येत असलं की पुरे. कॅल्क्युलसमधली एकच कल्पना लागेल, ती म्हणजे उतार: एक आकडा किंचित हलवला तर दुसरा किती पटीने हलतो.

## तयारी: कागद कसा आखायचा

आपलं नेटवर्क असं आहे:

```
x --w1--> a --w2--> p --w4--> y
          a --w3--> q --w5--> y
```

इनपुट एकच, x. त्यापासून a हा न्यूरॉन तयार होतो. a चा आकडा दोन ठिकाणी जातो, p कडे आणि q कडे. ते दोघे मिळून आउटपुट y तयार करतात. a, p आणि q या तिघांवर रेलू आहे, म्हणजे आत आलेला आकडा धन असेल तर तसाच पुढे आणि ऋण असेल तर शून्य. y वर काहीच नाही, ती साधी बेरीज आहे. बायस, म्हणजे न्यूरॉनमध्ये वरून मिळवला जाणारा आकडा, मुद्दाम वगळला आहे, त्याचं एका वाक्यात पुढे सांगतो.

सुरुवातीच्या किमती अशा:

```
x = 4     t = 10
w1 = 0.5  w2 = 1.5  w3 = 2.5  w4 = 4  w5 = -1
```

t म्हणजे हवं असलेलं उत्तर. या किमती निवडताना मी एक काळजी घेतली आहे: एकही किंमत +१ नाही आणि पुढे येणारी चूकही १ नाही. पुस्तकांतल्या उदाहरणांत बऱ्याचदा १ असतो. १ ने गुणलं काय आणि गुणायचं विसरलं काय, उत्तर तेच येतं, त्यामुळे चूक लपून राहते. स्वतःचं उदाहरण बनवताना १ टाळा.

कागद आडवा धरा आणि आकृती मोठी काढा. प्रत्येक न्यूरॉनच्या वरच्या बाजूला पुढे जातानाचा आकडा लिहायचा आणि खालच्या बाजूला परत येतानाचा. दोन रंगांची पेनं असतील तर उत्तम. ही शिस्त बालिश वाटेल, पण वर सांगितलेल्या चुकांपैकी निम्म्या तरी इथेच थांबतात, कारण त्या दोन प्रकारच्या आकड्यांची सरमिसळ झाल्यानेच होतात.

## टप्पा १: पुढे जा आणि सगळं लिहून ठेवा

फॉरवर्ड पास म्हणजे डावीकडून उजवीकडे जाणं. रेलूच्या आधीचा आकडा z नावाने वेगळा लिहा, जरी तो रेलूनंतर तसाच राहणार असला तरी.

za = ०.५ × ४ = २, धन आहे, म्हणून a = २

zp = १.५ × २ = ३, म्हणून p = ३

zq = २.५ × २ = ५, म्हणून q = ५

y = (४ × ३) + (−१ × ५) = १२ − ५ = ७

हवे होते १०, मिळाले ७. चूक e = y − t = ७ − १० = −३. चूक किती मोठी आहे ते एका आकड्यात सांगणारा लॉस, L = ½ × e² = ½ × ९ = ४.५.

½ कशाला, असं हमखास विचारलं जातं. वर्गाचा उतार काढताना एक २ बाहेर येतो, तो या ½ ने खोडला जातो आणि हिशेब नीटस होतो, एवढंच. ½ न घेता केलं तर सगळे उतार दुप्पट येतील, दिशा तीच राहील.

तपासा: पुढे जाण्यापूर्वी कागदावर za, a, zp, p, zq, q, y, e हे आठही आकडे दिसले पाहिजेत. परत येताना यांतले बहुतेक लागतात. खऱ्या सॉफ्टवेअरलाही हेच करावं लागतं. ट्रेनिंगला वापरापेक्षा जास्त मेमरी लागते त्यामागे हे एक मोठं कारण आहे, मधले आकडे परतीपर्यंत सांभाळावे लागतात.

इशारा: चूक y − t अशी घ्या आणि शेवटपर्यंत तीच धरून ठेवा. काही जण t − y घेतात आणि वेट बदलताना वजाऐवजी अधिक करतात, तेही बरोबर आहे. पण एका पद्धतीतली चूक आणि दुसऱ्या पद्धतीतलं चिन्ह घेतलं, तर प्रत्येक पावलाला लॉस वाढत जाईल.

## टप्पा २: उताराचे चार नियम समजून घ्या

आता प्रश्न असा आहे: w1 थोडंसं वाढवलं तर लॉस किती बदलेल? w2 वाढवलं तर? पाचही वेटसाठी हे एकेक आकडे हवे आहेत. त्यांनाच ग्रेडियंट म्हणतात. त्यासाठी चार छोटे नियम लागतात आणि चारही आकडे हलवून पाहता येतात.

पहिला नियम गुणाकाराचा. p = w2 × a यात a हा २ आहे. w2 जर ०.१ ने वाढवलं तर p वाढतो ०.२ ने, म्हणजे दुप्पट. हा २ कुठून आला? a कडून. आता w2 तसंच ठेवून a हा ०.१ ने वाढवा: p वाढतो ०.१५ ने, कारण w2 हे १.५ आहे. गुणाकारात ज्याला हलवायचं त्याचा उतार म्हणजे समोरच्याची किंमत. स्वतःची नाही, समोरच्याची. हे वाक्य वहीच्या कडेला लिहून ठेवलंत तरी चालेल.

दुसरा नियम बेरजेचा. बेरजेत एक भाग ०.१ ने वाढला की बेरीजही ०.१ ने वाढते. म्हणजे उतार १, आकडा तसाच मागे जातो. बायसचं प्रकरण इथेच संपतं: तो फक्त मिळवला जातो, म्हणून त्याच्या न्यूरॉनपर्यंत जो आकडा परत येतो तोच बायसचा ग्रेडियंट.

तिसरा नियम रेलूचा. ते एक दार आहे. जाताना z धन होता तर दार उघडं, उतार १. z ऋण होता तर दार बंद, उतार ०. z बरोबर शून्य असेल तर कोपरा येतो आणि तिथे उतार नीट ठरत नाही, व्यवहारात तो ० धरतात.

चौथा नियम वाटा फुटण्याचा. एक आकडा दोन ठिकाणी वापरला असेल, तर त्याला हलवल्यावर दोन्हीकडे परिणाम होतो. म्हणून परत येताना दोन्ही वाटांचे आकडे त्याच्यापाशी मिळवायचे.

एकामागोमाग एक टप्पे असतील तर उतारांचा गुणाकार होतो. a हलला की p दीडपट हलतो, p हलला की y चौपट हलतो, म्हणजे या वाटेने y हलतो सहापट. पुस्तकांत याला चेन रूल म्हणतात. याहून अवघड त्यात काही नाही.

## टप्पा ३: लॉसपासून परतीची सुरुवात

परतीचा पहिला आकडा हवा: y किंचित हलला तर L किती हलतो? करून बघू. y हा ७ वरून ७.०१ केला तर चूक −२.९९ होते. L = ½ × २.९९² = ४.४७००५. म्हणजे L बदलला −०.०२९९५ ने. हा बदल ०.०१ ने भागला की येतात −२.९९५. धक्का आणखी लहान घेतला तर हे −३ च्या अगदी जवळ जातं.

आणि −३ हीच आपली चूक e आहे. ½ च्या कृपेने परतीचा पहिला आकडा म्हणजे e.

चिन्हाचा अर्थ इथेच पक्का करा. −३ म्हणजे y वाढवला तर लॉस कमी होतो. आपलं y ७ आहे आणि हवे आहेत १०, म्हणजे वाढवायलाच हवा. दोन्ही जुळतं. चिन्ह उलटं आलं असेल तर इथेच थांबा, पुढचं सगळं वाया जाईल.

आकृतीत y च्या खाली −३ लिहा.

## टप्पा ४: शेवटचा थर

y पाशी चार गोष्टी येऊन मिळतात: w4, p, w5 आणि q. चौघांनाही गुणाकाराचा नियम लागू होतो. हातातला परतीचा आकडा −३, त्याला समोरच्याच्या किमतीने गुणायचं. ग्रेडियंटला मी g लावून नाव देतो.

gw4 = −३ × p = −३ × ३ = −९

gw5 = −३ × q = −३ × ५ = −१५

p कडे जाणारा आकडा = −३ × w4 = −३ × ४ = −१२

q कडे जाणारा आकडा = −३ × w5 = −३ × −१ = +३

इथे दोन प्रकारचे आकडे तयार झाले. gw4 आणि gw5 हे शेवटचे आकडे आहेत, ते बाजूला लिहून ठेवायचे, त्यांचं आता काही काम नाही. −१२ आणि +३ हे प्रवासातले आकडे आहेत, ते p आणि q च्या खाली लिहायचे आणि त्यांना घेऊन मागे जायचं. बरेच विद्यार्थी gw4 घेऊन मागे निघतात, म्हणजे −९ ला पुढच्या हिशेबात वापरतात. वेटचा ग्रेडियंट कधीच मागे जात नाही. मागे जातो तो न्यूरॉनचा आकडा.

तपासा: gw4 काढताना w4 ची किंमत वापरली नाही ना? gw4 जर −१२ आला असेल तर समोरच्याऐवजी स्वतःची किंमत घेतली गेली आहे.

इशारा: w4 चा ग्रेडियंट मिळाला म्हणून w4 आत्ताच बदलू नका. हात शिवशिवतात, मला माहीत आहे. परतीचा प्रवास अजून संपलेला नाही आणि पुढच्या पायऱ्यांना जुनी वेटच हवी आहेत. हे मोडलं तर काय होतं ते पुढे आकड्यांत दाखवतो.

## टप्पा ५: दार तपासा, पण बरोबर आकड्यावर

p च्या खाली −१२ आहे. आता p चं दार उघडं की बंद?

इथे सर्वांत जास्त वेळा घडणारी चूक होते. विद्यार्थी −१२ कडे बघतो, तो ऋण आहे असं म्हणतो, आणि रेलूने शून्य करून टाकतो. मग w2 चा ग्रेडियंट शून्य, आणि त्या वाटेवरचं सगळंच शून्य.

दार उघडं की बंद हे परतीच्या आकड्यावरून ठरत नाही. ते जाताना ठरलेलं असतं. zp हा ३ होता, धन, म्हणून दार उघडं. उघड्या दारातून −१२ जाईल, +१२ जाईल, काहीही जाईल, आणि जसंच्या तसं जाईल. टप्पा १ मध्ये z वेगळा लिहायला सांगितला तो यासाठी.

zp = ३, दार उघडं: gp = −१२ × १ = −१२

zq = ५, दार उघडं: gq = ३ × १ = ३

या नेटवर्कमध्ये तिन्ही दारं उघडी आहेत, त्यामुळे ही पायरी निरर्थक वाटू शकते. ती गाळू नका. लेखाच्या शेवटी एक दार बंद करून तेच उदाहरण पुन्हा सोडवायचं आहे.

रेलूऐवजी सिग्मॉइड, म्हणजे कोणताही आकडा ० ते १ च्या मध्ये बसवणारं फलन असेल तर १ किंवा ० ऐवजी s × (१ − s) ने गुणायचं, जिथे s म्हणजे त्या न्यूरॉनचं सिग्मॉइडनंतरचं आउटपुट. याची जास्तीत जास्त किंमत ०.२५ असते. म्हणजे प्रत्येक सिग्मॉइडपाशी परतीचा आकडा किमान चौपट लहान होऊन आत जातो. असे दहा थर एकावर एक असले आणि वेटं फार मोठी नसली, तर सुरुवातीच्या थरापर्यंत जवळजवळ काहीच पोहोचत नाही.

## टप्पा ६: मधला थर आणि दोन वाटांची बेरीज

पुन्हा तोच गुणाकाराचा नियम.

gw2 = gp × a = −१२ × २ = −२४

gw3 = gq × a = ३ × २ = ६

आता a कडे काय परत जातं? p च्या वाटेने −१२ × १.५ = −१८. q च्या वाटेने ३ × २.५ = ७.५. वाट फुटण्याच्या नियमाने दोन्ही मिळवायचे:

−१८ + ७.५ = −१०.५

za = २ होता, दार उघडं, म्हणून ga = −१०.५. आणि शेवटी:

gw1 = ga × x = −१०.५ × ४ = −४२

ही बेरीज का करायची हे मनात नीट बसू द्या, कारण बॅकप्रोपगेशनचं मर्म इथे आहे. w1 वाढवलं की a वाढतो. a वाढला की p वाढतो आणि त्यामुळे y वाढतो, जे आपल्याला हवं आहे. पण त्याच वेळी q पण वाढतो, आणि w5 ऋण असल्यामुळे तो y ला खाली खेचतो. एका वाटेने फायदा, दुसऱ्या वाटेने तोटा. w1 चा खरा ग्रेडियंट म्हणजे या दोघांचा निव्वळ हिशेब. फक्त p ची वाट धरली तर उत्तर −७२ येतं, म्हणजे w1 चा परिणाम वाजवीपेक्षा खूप मोठा वाटतो. फक्त q ची वाट धरली तर +३० येतं आणि w1 चक्क उलट्या दिशेला सरकतं.

आणखी एक गोष्ट पाहा. a पाशी आपण आधी बेरीज केली आणि मग एकदाच x ने गुणलं. प्रत्येक वेटसाठी लॉसपर्यंतच्या सगळ्या वाटा पुन्हा पुन्हा चालाव्या लागल्या नाहीत. मोठ्या नेटवर्कमध्ये वाटांची संख्या प्रत्येक थराला पटीने वाढते, पण प्रत्येक न्यूरॉनपाशी परतीचा एकच आकडा साठवला की मागच्या सगळ्यांना तोच पुरतो. उजवीकडून डावीकडे जाण्याचा हट्ट त्यासाठीच आहे. a चा आकडा तेव्हाच काढायचा जेव्हा p आणि q दोघांचे आकडे तयार असतील.

## टप्पा ७: धक्का देऊन पडताळा

उत्तर बरोबर आहे का हे ठरवायला उत्तरसूची लागत नाही. ज्या वेटबद्दल शंका असेल ते हलवायचं, फॉरवर्ड पास पुन्हा करायचा आणि लॉस किती बदलला ते पाहायचं. सर्वांत लांबचं वेट निवडा, कारण तिथपर्यंत पोहोचताना बाकीच्या बऱ्याच पायऱ्या तपासल्या जातात. आपल्याकडे ते w1.

w1 = ०.५१ केलं: a = २.०४, p = ३.०६, q = ५.१, y = १२.२४ − ५.१ = ७.१४, चूक −२.८६, लॉस ४.०८९८.

मूळ लॉस ४.५ होता. बदल −०.४१०२. भागिले ०.०१ म्हणजे −४१.०२.

−४२ हवे होते, आले −४१.०२. इथे घाबरून परत सगळं तपासायला बसू नका. लॉसचा आलेख वाकडा आहे, त्यामुळे एका बाजूने धक्का दिला की थोडा फरक पडतोच. दुसऱ्या बाजूनेही धक्का द्या.

w1 = ०.४९ केलं: a = १.९६, p = २.९४, q = ४.९, y = ११.७६ − ४.९ = ६.८६, चूक −३.१४, लॉस ४.९२९८.

आता दोन लॉसमधला फरक: ४.०८९८ − ४.९२९८ = −०.८४. दोन्ही धक्क्यांमधलं अंतर ०.०२. भागाकार −४२. तंतोतंत.

इशारा: धक्का देताना इतर चारही वेटं मूळ किमतींवर असली पाहिजेत. आणि धक्का इतका मोठा नको की एखादं दार उघड्याचं बंद होईल. तसं झालं तर दोन वेगवेगळ्या नेटवर्कची तुलना होते आणि आकडे जुळत नाहीत.

ही पडताळणी शिकण्यासाठी आणि चूक शोधण्यासाठी आहे. ट्रेनिंग यानेच का करू नये? कारण प्रत्येक वेटसाठी दोन फॉरवर्ड पास लागतात. पाच वेटांना दहा, दहा लाख वेटांना वीस लाख. परतीच्या एका फेरीत मात्र सगळ्यांचे ग्रेडियंट एकदम मिळतात.

## टप्पा ८: आता सगळी वेटं एकदम बदला

प्रत्येक वेटमधून लर्निंग रेट गुणिले ग्रेडियंट वजा करायचं. लर्निंग रेट म्हणजे पाऊल किती लांब टाकायचं ते ठरवणारा आकडा, तो ०.००१ घेऊ.

w1 = ०.५ + ०.०४२ = ०.५४२

w2 = १.५ + ०.०२४ = १.५२४

w3 = २.५ − ०.००६ = २.४९४

w4 = ४ + ०.००९ = ४.००९

w5 = −१ + ०.०१५ = −०.९८५

w3 एकटंच कमी झालं. ते q च्या वाटेवर आहे, आणि q वाढला की y घटतो, म्हणून तसंच व्हायला हवं. ग्रेडियंट ऋण असेल तर वजा ऋण म्हणजे अधिक, या ठिकाणी घाईत चिन्ह चुकतं.

नव्या वेटांनी फॉरवर्ड पास केला तर y साधारण ७.९२ येतं आणि लॉस ४.५ वरून सुमारे २.१६ वर येतो. योग्य दिशा.

आता एक प्रयोग. लर्निंग रेट दहापट, ०.०१ घेतला तर? वेटं होतील ०.९२, १.७४, २.४४, ४.०९ आणि −०.८५. y येतं साधारण १८.५६, लॉस सुमारे ३६.६. ग्रेडियंट अगदी बरोबर असूनही लॉस आठपट झाला. दिशा बरोबर होती, पाऊल इतकं लांब पडलं की १० ओलांडून आपण पलीकडे गेलो. म्हणून लॉस वाढला की लगेच परतीच्या हिशेबाला दोष देऊ नका. आधी लर्निंग रेट दहापट कमी करून बघा. तरीही वाढत असेल तर चिन्ह तपासा.

एकापेक्षा जास्त उदाहरणं असतील तर प्रत्येकासाठी त्याच जुन्या वेटांनी ग्रेडियंट काढायचे, त्यांची सरासरी घ्यायची आणि मग एकदाच बदल करायचा.

## टप्पा ९: कागद आणि प्रोग्रॅम जुळवा

हाताने केल्यानंतरच हा प्रोग्रॅम लिहा, आधी नाही. ओळींचा क्रम कागदावरच्या क्रमासारखाच आहे.

```python
x, t = 4, 10
w1, w2, w3, w4, w5 = 0.5, 1.5, 2.5, 4, -1

za = w1*x; a = max(0, za)
zp = w2*a; p = max(0, zp)
zq = w3*a; q = max(0, zq)
y = w4*p + w5*q
e = y - t

gw4, gw5 = e*p, e*q
gp = e*w4 * (zp > 0)
gq = e*w5 * (zq > 0)
gw2, gw3 = gp*a, gq*a
ga = (gp*w2 + gq*w3) * (za > 0)
gw1 = ga*x
print(gw1, gw2, gw3, gw4, gw5)
```

छापून येईल: `-42.0 -24.0 6.0 -9.0 -15.0`. `(zp > 0)` हेच आपलं दार, पायथनमध्ये खरं म्हणजे १ आणि खोटं म्हणजे ०.

## चुकीचा आकडा पाहून चूक ओळखा

gw1 हा सर्वांत लांबचा आकडा, म्हणून निदानाला तोच बरा. −७२ किंवा +३० आला तर एक वाट सुटली आहे. +४२ आला तर चूक t − y अशी घेतली गेली. −८४ आला तर ½ विसरला, किंवा पायटॉर्च ही पायथनची लायब्ररी वापरत असाल तर `backward()` दोनदा चालवलं आणि मध्ये ग्रेडियंट शून्य केले नाहीत. तिथे ग्रेडियंट जुन्यावर मिळवले जातात, पुसले जात नाहीत.

सर्वांत फसवी चूक म्हणजे परतीच्या वाटेवर वेटं बदलत जाणं. w4, w5, w2 आणि w3 आधी बदलली आणि मग नव्या किमतींनी मागे गेलात, तर gw1 येतो साधारण −४३.८४. चिन्ह बरोबर, आकडाही जवळपास. लॉसही उतरतो. त्यामुळे कुणाला संशय येत नाही, आणि लर्निंग रेट वाढवल्यावर गोष्टी विचित्र वागू लागतात. उत्तर ‘जवळपास’ आलं म्हणून सोडून देऊ नका. दोन्ही बाजूंनी धक्का दिल्यावर ते चार-पाच अंकांपर्यंत जुळलं पाहिजे.

## आता एक दार बंद करून सोडवा

फक्त w3 = −२.५ करा, बाकी सगळं मूळ किमतींवर. कोरा कागद घ्या आणि खालची उत्तरं झाका.

zq = −५, म्हणून q = ०. y = १२ आणि e = +२, म्हणजे आता y कमी करायचा आहे. q कडे −२ परत येतात, पण दार बंद, म्हणून gq = ०. gw3 = ० आणि q शून्य असल्यामुळे gw5 = ०. p च्या वाटेने gw4 = ६, gp = ८, gw2 = १६, ga = १२, आणि gw1 = ४८.

w3 आणि w5 या उदाहरणावरून काहीच शिकले नाहीत. w1 बदलून a कितीही वाढला तरी w3 ऋण आहे आणि a रेलूमुळे ऋण होऊ शकत नाही, म्हणून x ची किंमत काहीही असो, q चं दार उघडणार नाही. बायस नसलेल्या या नेटवर्कमध्ये q कायमचा मेलेला न्यूरॉन आहे. त्याला बायस दिला असता तरी आत्ता त्याचाही ग्रेडियंट शून्यच आला असता, पण बायसची सुरुवातीची किंमत ५ पेक्षा मोठी असती तर दार पहिल्यापासून उघडं राहिलं असतं.